गर्भातले ‘कल्ले’ जातात कुठे?

“गर्भात दुसऱ्या महिन्यात बाळाला माशासारखे कल्ले असतात, त्यातून ते श्वास घेतं आणि मग ते गळून पडतात. खरं का?”

नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मानेच्या जागी आडव्या वळ्या दिसतात, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे. माशातही सुरुवात अशाच वळ्यांनी होते, पण पुढे त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेल्या झालरी येतात आणि मधून पाणी वाहतं. आपल्यात झालरी येतच नाहीत. प्राणवायू नाळेतून मिळतो.

वळी म्हणजे कमान. दोन कमानींमध्ये बाहेरून खाच असते, आतून घशाच्या बाजूने पिशवी, आणि मध्ये पातळ पडदा.

पहिली जोडीच पाहा. खाचेचा कानाचा बाहेरचा मार्ग होतो, पिशवीचा मधला कान आणि घशाकडे जाणारी नळी, तर मधल्या पडद्याचा कानाचा पडदा. घाट उतरताना कान बंद झाले की आवंढा गिळून पाहा: ‘टक्’ होऊन उघडते ती हीच नळी. मधल्या कानातल्या इवल्या हाडांपैकी हातोडी आणि ऐरण पहिल्या कमानीची, रिकीब बहुतेक दुसरीची.

पुढच्या तीन खाचा मात्र खरंच नाहीशा होतात, पण गळून नव्हे. दुसरी कमान वाढून त्यांना झाकते. आत पोकळी उरली, तर मानेच्या बाजूला, तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेला मऊ गाठ येते. ती बऱ्याचदा तरुणपणी, सर्दी-खोकल्यानंतर फुगून लक्षात येते. मोठ्या वयात अशी गाठ आली, तर जन्मजात म्हणून सोडू नका. आधी कर्करोग नाही ना, हे तपासावं लागतं.