कॉखचा अंदाज आणि धारोष्ण दूध

घणसोली गावठाणात अजून काही घरांपुढे गाय बांधलेली दिसते. सकाळी धार काढताना पेला थेट कासेखाली धरायचा आणि तो फेसाळ, कोमट पेला नातवाच्या हातात द्यायचा, ही रीतही टिकून आहे. धारोष्ण दूध अंगी लागतं म्हणतात. लागत असेलही, पण त्यासोबत आणखी काय पोटात जातं यावर शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता.

क्षयाचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉखने शोधला. त्याच कॉखने १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितलं की गाईचा क्षय माणसाला फारसा बाधत नाही, दुधाबाबत वेगळी खबरदारी नको. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द, पण ब्रिटिश सरकारने तो तसाच न स्वीकारता चौकशी आयोग नेमला. १९११ च्या अंतिम अहवालात निष्कर्ष उलट निघाला: गाईच्या क्षयाचा जंतू माणसाला बाधतो, आणि मुलांना मुख्यतः दुधातून.

हा जंतू गिळला जातो, त्यामुळे अनेकदा छातीऐवजी मानेच्या गाठींत किंवा आतड्यात घर करतो. जुनी माणसं गंडमाळा म्हणायची, त्यातल्या काही याच्याच. अशा मुलाला खोकला नसतो, थुंकी तपासून काही सापडत नाही. शिवाय क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही. म्हणून मानेला गाठ आली तर घरी गाय आहे आणि दूध कच्चं प्यायलं जातं, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

इंग्लंडने पुढे दोन वाटा धरल्या: दूध तापवणं आणि बाधित गाई मारणं. आपल्याकडे दुसरी वाट बंद आहे. गाय बाधित आहे का हे पाहायला तिच्या मानेच्या कातडीत ट्यूबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेला अर्क, टोचून ७२ तासांनी सूज मोजतात. कातडीची जाडी ४ मिलिमीटर किंवा जास्त वाढली तर गाय बाधित धरतात. मग ती वेगळी बांधायची. दहा बाय बाराच्या गोठ्यात वेगळी म्हणजे कुठे? त्यात बाधित गाय वर्षानुवर्षं धडधाकट दिसते, तेव्हा तब्येतीवरून ओळखू म्हणणं फोल आहे.

उरतं ते पातेलं. ७२ अंशांवर १५ सेकंदांत हा जंतू मरतो. ढवळत ढवळत दूध उतू जायच्या बेताला आणलं की आपण त्याच्या बरेच पुढे गेलेलो असतो, पुन्हा पुन्हा आटवायची गरज नाही. घोळ नंतर होतो. तापलेल्या दुधात संध्याकाळची कच्ची धार ओतली जाते, किंवा कच्च्या दुधालाच विरजण लावतात. आंबटपणाने जंतू मरेल याचा भरवसा नाही. पूजेच्या पंचामृतातही बहुधा कच्चंच दूध असतं, आणि तीर्थ म्हणून ते आधी लहानांच्या तळहातावर पडतं. उकळून गार केलेलं घातलं तर चवीत फरक कळत नाही.

गोठ्यात खोकणाऱ्या गाईच्या श्वासातून धार काढणाऱ्याला होणारी लागण मात्र पातेल्याने थांबत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी वारा खेळता हवा, आणि ती गाय पशुवैद्यकाकडून तपासून घ्यायला हवी.