चौरस मीटरचा हिशेब आणि फ्लुरोयुरॅसिल

इंदूरच्या एखाद्या डे-केअर वॉर्डात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर केमो घेणाऱ्या बाईंची उंची 160 सेंटिमीटर आणि वजन 58 किलो आहे, असे समजू. उंची-वजनाचा गुणाकार करून 3600 ने भागले आणि वर्गमूळ काढले की शरीराचे पृष्ठफळ सुमारे 1.6 चौरस मीटर येते. दर चौरस मीटरला 2400 मिलिग्रॅम या प्रमाणात त्यांना 3840 मिलिग्रॅम फ्लुरोयुरॅसिल मिळते. ते 46 तास थेंबथेंब सोडणारा फुग्याचा पंप कमरेला बांधून त्या घरी जातात.

हे सोपे सूत्र मोस्टेलर यांनी 1987 मध्ये दिले असले, तरी हिशेबाचे मूळ 1916 सालच्या द्यूब्वा सूत्रात आहे. ते अवघ्या नऊ जणांच्या शरीरांच्या मोजमापांवर बेतले होते आणि त्याचा हेतू औषध नव्हे, तर शरीरातील ऊर्जेचा खर्च मोजणे हा होता. 1958 मध्ये पिंकेल यांनी दाखवले की लहान मुले, मोठी माणसे आणि प्रयोगशाळेतील प्राणी यांचे डोस किलोऐवजी पृष्ठफळावर मांडले की ते बरेचसे जुळतात. तेव्हापासून ही रीत रूढ झाली. मात्र प्रौढ रुग्णाचे यकृत एखादे औषध किती वेगाने मोडते, हे पृष्ठफळातून कळत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे उणेपण तेच आहे.

फ्लुरोयुरॅसिलच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. 1957 मध्ये पुढे आलेल्या या औषधाचा 80 टक्क्यांहून अधिक भाग डीपीडी नावाचे एन्झाइम, मुख्यतः यकृतात, निकामी करते. म्हणजे 3840 मिलिग्रॅम या आकड्यात ही मोडतोड गृहीतच धरलेली असते. हे एन्झाइम घडवणाऱ्या डीपीवायडी जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असेल, तर औषध रक्तात जास्त काळ जास्त प्रमाणात टिकते. दोन्ही प्रती निकामी असतील, तर नेहमीचा डोस प्राणघातक ठरू शकतो. 1980 च्या दशकात तीव्र विषबाधा झालेल्या काही रुग्णांच्या लघवीत वा रक्तात, एरवी हेच एन्झाइम मोडते ते युरॅसिलसारखे पिरिमिडीन घटक वाढलेले आढळले आणि हा आनुवंशिक दोष उघड झाला. एरवी अशी व्यक्ती ठणठणीत असू शकते, त्यामुळे नाडी, वजन किंवा यकृताच्या नेहमीच्या चाचण्यांवरून काहीच सुगावा लागत नाही.

पहिल्याच फेरीनंतर थोड्या दिवसांत तोंड सोलवटणे, न थांबणारे जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घसरण एकदम सुरू झाली, तर या दोषाची शंका घ्यावी लागते आणि पुढचा डोस थांबवावा लागतो. गोळ्यांच्या रूपातील कॅपेसिटाबीन शरीरात फ्लुरोयुरॅसिलच बनते, त्यामुळे ते पर्याय म्हणून चालत नाही. युरिडीन ट्रायअ‍ॅसिटेट हा उतारा अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाला, पण तो शेवटच्या डोसनंतर 96 तासांच्या आत द्यावा लागतो.

युरोपच्या औषध नियामकाने 2020 मध्ये उपचाराआधीच डीपीडीची तपासणी करण्याची शिफारस केली. एक प्रत निकामी निघाल्यास साधारणतः निम्म्या डोसने सुरुवात करतात, म्हणजे आपल्या उदाहरणात 1920 मिलिग्रॅम, आणि सोसले तर वाढवतात. परंतु जनुकचाचणीत सहसा पाहिले जाणारे चार बदल प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या अभ्यासांतून निवडलेले आहेत. म्हणून भारतीय रुग्णाचा अहवाल निर्दोष आला, तरी एन्झाइम पुरेसे आहे असे त्यावरून ठरत नाही. रक्तातील युरॅसिल मोजण्याची दुसरी चाचणी एन्झाइमचे प्रत्यक्ष काम दाखवते, मात्र नमुना लगेच थंड करून त्यातील पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर तिचा आकडा फसवा येतो.