कंपनीचं घर फुकट, पण कर कशावर?

कंपनीने बिनभाड्याचं घर दिलं की ते पगाराचाच भाग ठरतं, हे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १७(२) मध्येच ठरलं. खरा वाद त्या घराची किंमत किती धरायची, याचा. ती मोजण्याची रीत त्या कायद्याखालच्या नियम ३ ने घालून दिली आणि इतकी वर्षं बदलत आली आहे तीच.

२००१ च्या आधी पगाराच्या टक्केवारीबरोबर घराचं ‘वाजवी भाडेमूल्य’ही पाहिलं जाई. ते पगाराच्या ठरावीक हिश्शापेक्षा जास्त निघालं की वरची रक्कम करपात्र व्हायची. आता मुंबईतल्या एखाद्या जुन्या फ्लॅटचं वाजवी भाडं नेमकं किती? कंपनी एक आकडा सांगे, आयकर अधिकारी दुसरा. सप्टेंबर २००१ मध्ये हे भाडेमूल्यच काढून टाकलं आणि फक्त टक्केवारी ठेवली. १९९१ च्या जनगणनेनुसार ४ लाखांहून मोठ्या शहरात पगाराच्या १० टक्के, इतरत्र साडेसात.

नवा नियम सोपा होता, पण नाममात्र भाडं भरून कंपनीच्या वसाहतीत राहणाऱ्यांना तो जाचक वाटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘अरुण कुमार’ खटल्यात २००६ साली न्यायालयाने नियम वैध ठरवला, पण भाड्यात खरोखर सवलत मिळाली आहे का, हे आधी ठरलं पाहिजे असंही सांगितलं. २००७ च्या वित्त कायद्याने ही वाट बंद केली: टक्केवारीने निघणारी रक्कम भरलेल्या भाड्यापेक्षा जास्त असेल, तर सवलत मिळालीच असं मानायचं, आणि तेही मागच्या वर्षांपासून. माझ्या मते नोकरदाराच्या दृष्टीने या साऱ्या इतिहासातला सर्वांत कठोर बदल हाच. ज्यांना घर पूर्ण फुकट होतं, त्यांना मात्र हा बचाव आधीही नव्हता. त्याच वेळी २५ लाखांवरच्या शहरांसाठी १५, १० ते २५ लाखांसाठी १० आणि बाकीच्यांसाठी साडेसात टक्के असे दर आले.

१ सप्टेंबर २०२३ पासून ते उतरले. आता २०११ च्या जनगणनेनुसार ४० लाखांवर १० टक्के, १५ ते ४० लाखांत साडेसात, इतरत्र ५. मुंबई १५ वरून १० वर आली, नागपूर १० वरून साडेसातवर.

समजा, मुंबईत कंपनीच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये कोणी एप्रिल २०२४ मध्ये राहायला आलं. नियमाच्या व्याख्येतला पगार १२ लाख, म्हणजे घराची करपात्र किंमत १,२०,००० रुपये. जुन्या दराने ती १,८०,००० झाली असती. पुढच्या वर्षी पगार १५ लाख झाला तर १० टक्क्यांनी दीड लाख होतात, पण २०२३ च्या बदलाने इथे मर्यादा घातली आहे. त्याच घरात राहत असाल, तर किंमत महागाई निर्देशांकाच्या प्रमाणातच वाढते. तो ३६३ वरून ३७६ झाला, म्हणून २०२५-२६ साठी सुमारे १,२४,३०० रुपयेच धरायचे.

ही मर्यादा पगारपत्रक बनवणाऱ्यांच्या नजरेतून सुटू शकते. २०२५-२६ च्या फॉर्म १२बीए मध्ये, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सवलतींच्या तक्त्यात, घराचा आकडा पगाराबरोबर सरळ वाढलेला दिसला, तर समजावं की ती लावलेली नाही. दुसरी चूक पगाराच्या व्याख्येत होते: कंपनीचा भविष्य निर्वाह निधीतला हिस्सा आणि करमुक्त भत्ते या हिशेबात धरायचे नसतात.