८६ स्कोअर म्हणजे ८६ टक्के ब्लॉकेज नव्हे

चोपड्याकडचे केळी बागायतदार, वय ४६. बीडी नाही, साखर नाही, पायऱ्या चढताना दम लागत नाही. पण वडील ५१व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले, म्हणून कॅल्शियम स्कोअरचा सीटी करून आले. रिपोर्टवर आकडा ८६. खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "डॉक्टर, ८६ टक्के ब्लॉकेज शे का?"

हा घोटाळा मी नेहमी पाहतो. टक्केवारी १००ला संपते; हा स्कोअर हजाराच्याही पुढे जातो, कारण तो निव्वळ बेरीज आहे. सीटीच्या चित्रात हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कॅल्शियम पांढऱ्या ठिपक्यांसारखं दिसतं. ठिपक्याचं क्षेत्रफळ गुणिले घनतेनुसार १ ते ४ हा गुणक. समजा ठिपका ५ चौरस मिलिमीटरचा आणि घनता ४००च्या वर, तर ५ गुणिले ४, म्हणजे २०. असे सगळे ठिपके मिळवून त्यांचे ८६ झाले.

ते म्हणाले, "म्हणजे ड्रीपच्या नळीत क्षार बसतात तसंच ना? अ‍ॅसिड सोडून साफ होईल?" उदाहरण अस्सल जळगावी, पण इथे फसवं. ड्रीपमध्ये क्षार पाण्याच्या वाटेत बसतो. इथे कॅल्शियम भिंतीच्या आत असतं आणि नळी बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला फुगून आतली वाट मोकळी ठेवते. वाट किती अरुंद झाली, हे सांगणारी तपासणी वेगळी: शिरेतून डाय देऊन केलेली अँजिओग्राफी. कॅल्शियमच्या सीटीत डाय नसतोच, त्यामुळे ब्लॉकेजची टक्केवारी त्यातून निघत नाही.

मग ८६चा अर्थ काय? सत्तरीच्या माणसात हा आकडा मला फारसा दचकवणार नाही. ४६व्या वर्षी मात्र त्याच वयाच्या बहुतेक पुरुषांपेक्षा तो बराच जास्त आहे. (तुलनेचे प्रचलित तक्ते अमेरिकेतल्या लोकांवरून बनलेत, आपल्या माणसांवरून नाहीत.) म्हणजे आजार वेळेआधी सुरू झालाय. छातीत दुखत नाही, म्हणून लगेच अँजिओग्राफी किंवा स्टेंट नाही. पण कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी रोज, आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल व बीपी यांवर लक्ष.

गोळीने कॅल्शियम विरघळत नाही. उलट भिंतीतला मऊ चरबीचा थर घट्ट होताना स्कोअर वाढूही शकतो, म्हणून दरवर्षी सीटी काढून आकडा कमी झाला का, हे बघत बसू नका असं त्यांना बजावलं.

त्यांच्या धाकट्या भावाचा स्कोअर शून्य आला. वय ३८. तो खुशीत आहे, मी तेवढा नाही. कॅल्शियम साचण्याआधीचा मऊ थर या चित्रात दिसत नाही, आणि या वयात थर असलाच तर तो तसा मऊ असायची शक्यता जास्त. त्याचंही एलडीएल तपासायला लिहून दिलंय.