लीड थ्री जास्त का उचलते?

हृदयाची खालची भिंत मध्यपटलावर टेकलेली असते. तिचा रक्तपुरवठा तुटला की ईसीजीच्या पट्टीवर लीड टू, लीड थ्री आणि एव्हीएफ या तीन लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे बघण्याच्या तीन कोनांत, एसटीचा भाग, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरची रेघ, वर उचललेली दिसते, कारण या तिघी हृदयाकडे पायांच्या बाजूने बघतात. एवढ्यावरून भिंत कळते, पण धमनी कळत नाही. बहुतेकांत या भिंतीला उजवी करोनरी धमनी रक्त पुरवते, थोड्यांत डावीकडून मागे वळणारी सर्कमफ्लेक्स.

समजा, छातीत कळ येऊन घामाघूम झालेल्या माणसाच्या पट्टीवर एसटी लीड टूमध्ये २ मिलिमीटर उचलली आहे आणि लीड थ्रीमध्ये ३. हा एक मिलिमीटर फार बोलका आहे. लीड टू खाली-डावीकडून बघते, लीड थ्री खाली-उजवीकडून. इजेचा कल थ्रीकडे झुकला, म्हणजे संशय उजव्या धमनीवर.

लीड वन आणि थ्रीची बेरीज नेहमी टूइतकी असते, हा आइन्थोव्हेनचा नियम. मग वनच्या वाट्याला उरले उणे १, म्हणजे तिथे एसटी १ मिलिमीटर खाली. डाव्या खांद्याकडून बघणारी एव्हीएल ही लीड म्हणजे वनमधून थ्री वजा करून त्याचा अर्धा भाग, म्हणजे २ मिलिमीटर खाली. मला हा हिशेब फार आवडतो. एव्हीएलमधला खड्डा बघून ‘आणखी एक धमनी बंद आहे का?’ असं नातेवाईक घाबरून विचारतात. इथे तो खड्डा म्हणजे तीच इजा विरुद्ध बाजूने दिसते आहे. आकडे जुळत नसतील, तर एकाच ठोक्यावर पुन्हा मोजावं.

सर्कमफ्लेक्स बंद असेल तर टू आणि थ्री बरोबरीत असतात किंवा टू वरचढ असते. मग त्याच बेरजेने वन खाली जात नाही. डाव्या बगलेकडच्या व्ही फाइव्ह, व्ही सिक्सही अनेकदा उचलतात. अर्थात हा अंदाजच असतो. लांब असलेली डावी पुढची धमनी टोकाला वळसा घालून खालच्या भिंतीपर्यंत पोचलेली असेल तर छातीवरच्या पुढच्या लीडही उचलतात. खात्री अँजिओग्राफीतच होते.

तरीही अंदाज लगेच उपयोगी पडतो. उजवी धमनी उगमाजवळच बंद असेल तर हृदयाचा उजवा कप्पाही इजेत सापडतो, आणि कधी कधी छातीवरची व्ही वनही उचलते. म्हणून व्ही फोरचा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला, पाचव्या फासळीखालच्या फटीत, गळ्याजवळच्या हाडाच्या मध्याच्या सरळ रेषेत लावून पट्टी काढतात. तिथे १ मिलिमीटर उचल दिसली तर नायट्रोग्लिसरीन देताना हात आखडता घ्यावा लागतो. ते शिरा सैल करतं, दुबळ्या उजव्या कप्प्याकडे परतणारं रक्त घटतं आणि रक्तदाब कोसळू शकतो.

ही उजवीकडची पट्टी पहिल्या ईसीजीपाठोपाठच काढावी, कारण तिथली उचल बऱ्याचदा काही तासांतच मावळते.