तालीम, तहसील, तपशील : एका साच्यातले तीन शब्द

तालीम, तहसील आणि तपशील हे शब्द मराठीत फारसीमार्गे आले, पण तिन्ही मूळचे अरबी आणि एकाच साच्यातले. साचा असा: आधी 'त', मग मुळातली पहिली दोन व्यंजनं, मग दीर्घ 'ई' आणि शेवटी तिसरं व्यंजन. तहसीलचं मूळ ह-स-ल, तपशीलचं फ-स-ल. तालीमचं मूळ ऐन-ल-म; त्यातलं पहिलं व्यंजन 'ऐन', घशातून निघणारं. ते मराठीत विरलं आणि 'त'चा 'ता' झाला.

ह-स-ल या मुळाचं साधं क्रियापद 'हसल', म्हणजे पदरात पडलं. त्यावरूनच हासील आणि महसूल निघाले. मधलं व्यंजन दुहेरी केलं की 'हस्सल' होतं: गोळा केलं, वसूल केलं. या दुहेरी रूपाचं क्रियावाचक नाम म्हणजे तहसील. महसूल ही पदरात पडलेली वस्तू आणि तहसील ती गोळा करण्याचं काम, हा फरक साच्यातूनच आला आहे.

तालीमच्या मुळात हे आणखी स्वच्छ दिसतं. 'अलिम' म्हणजे जाणलं. 'अल्लम' म्हणजे दुसऱ्याला जाणतं केलं, शिकवलं. त्याला पुढे 'त' लावला की क्रिया कर्त्याकडेच वळते: 'तअल्लम', म्हणजे शिकला. आणि 'इस्तअलम' म्हणजे माहिती मागितली, चौकशी केली.

ही व्यवस्था शब्दांत मांडली ती आठव्या शतकात, बसऱ्याच्या वैयाकरणांनी. खलील इब्न अहमद आणि त्याचा शिष्य सिबवैह ही त्यांतली मोठी नावं. सिबवैह इराणी होता, अरबी त्याची मातृभाषा नव्हती. त्याची नजर इतकी बारीक होण्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं. या परंपरेने 'करणे' या अर्थाचं फ-ऐन-ल हे मूळच मापाला घेतलं. म्हणजे शब्दाच्या मुळातल्या तीन व्यंजनांच्या जागी फ, ऐन, ल ठेवायचे; त्या मापाने 'अल्लम'चं वजन 'फअ्अल' भरतं. आजच्या पाठ्यपुस्तकांत साच्यांना दिलेले एक ते दहा हे क्रमांक मात्र युरोपीय अभ्यासकांचे. अरबी वैयाकरण साच्याला त्याच्या वजनानेच ओळखतात.

साचे मात्र या व्याकरणाहून कितीतरी जुने आहेत. मधलं व्यंजन दुहेरी करण्याची रीत हिब्रूत आहे, आणि त्याआधी मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या अक्कादी भाषेतही. अक्कादीत 'करायला लावणे' दाखवायला क्रियापदाआधी 'श' येई. अरबीत त्या जागी नुसता 'अ' उरला. जुन्या ध्वनीची खूण 'इस्तअलम'मधल्या 'स'मध्ये टिकली, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

साचा अर्थाची दिशा देतो, नेमका अर्थ देईलच असं नाही. 'सदक' म्हणजे खरं बोलला. मग 'सद्दक' म्हणजे खरं बोलायला लावलं, असा अंदाज नवा विद्यार्थी हमखास बांधतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ आहे खरं मानलं, विश्वास ठेवला. शिवाय प्रत्येक मुळाला सगळे साचे लागतही नाहीत. म्हणून अरबी कोशात शब्द मुळाखाली शोधतात, आणि तिथे त्या मुळाचे चालू असलेले साचे एकेक करून अर्थासह दिलेले असतात.