सॉफ्ट पॉवर आणि राष्ट्र-ब्रँडिंग : चित्रपट व मालिकांच्या वाटेने

धाक न दाखवता आणि पैसा न देता, निव्वळ स्वतःविषयी वाटणाऱ्या ओढीच्या जोरावर दुसऱ्या देशातील लोकांचा कल आपल्याकडे वळवण्याची क्षमता म्हणजे सॉफ्ट पॉवर. मराठीत तिला ‘सौम्य सत्ता’ असेही म्हणतात. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी ही संज्ञा 1990 मध्ये रूढ केली. देशाची संस्कृती, त्याची राजकीय मूल्ये आणि त्याचे परराष्ट्र धोरण हे या सत्तेचे तीन झरे, अशी नाय यांची मांडणी आहे. राष्ट्र-ब्रँडिंग ही कल्पना बाजाराच्या अंगाने आली. वस्तूंप्रमाणे देशांचेही नाव असते, त्या नावावर पर्यटन, निर्यात आणि गुंतवणूक अवलंबून असते, असे ब्रिटिश सल्लागार सायमन अँहोल्ट यांनी 1996 मध्ये मांडले.

या दोन गोष्टी नेहमी एका दमात उच्चारल्या जातात, पण त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. ओढ प्रेक्षकाच्या मनात निर्माण होते आणि तिच्यावर कुणाचीच मालकी नसते. ब्रँडिंग मात्र सरकार ठरवून करते. त्याला कार्यालय, अंदाजपत्रक आणि उद्दिष्ट असते. पडद्यावरच्या एखाद्या कथेमुळे पहिली गोष्ट घडली की दुसरी करणारे तिच्यावर हक्क सांगू लागतात, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. तो समजून घेण्यासाठी दक्षिण कोरियाच्या एका मालिकेचा जपानमधील प्रवास जवळून पाहण्यासारखा आहे.

पार्श्वभूमी

कोरिया 1910 ते 1945 या काळात जपानची वसाहत होता. त्या जखमेमुळे स्वातंत्र्यानंतरही दक्षिण कोरियाने जपानी चित्रपट, गाणी आणि कॉमिक्स यांना अनेक दशके दारे बंद ठेवली होती. राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी 1998 मध्ये ती टप्प्याटप्प्याने उघडायला सुरुवात केली. 2002 ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा दोन्ही देशांनी मिळून भरवली. म्हणजे जी मालिका पुढे ‘चमत्कार’ ठरली, ती येण्याआधी जमीन थोडी मऊ झालेली होती.

कोरियन सरकारला मनोरंजन उद्योगाचे महत्त्व पटल्याची एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. 1994 मध्ये राष्ट्राध्यक्षांपुढे मांडलेल्या एका अहवालात ‘जुरासिक पार्क’ या एकाच चित्रपटाची कमाई ह्युंदाईच्या 15 लाख मोटारींच्या निर्यातीइतकी भरते, असे म्हटले होते. इथे तुलना पैशांची आहे, प्रतिमेची नाही. सुरुवातीला पडदा हा निर्यातीचा माल होता. देशाच्या प्रतिमेचा विचार नंतर आला.

‘विंटर सोनाटा’ जपानमध्ये

कोरियाच्या केबीएस या सार्वजनिक वाहिनीने जानेवारी ते मार्च 2002 मध्ये ही 20 भागांची मालिका दाखवली. शाळेतल्या पहिल्या प्रेमाचा अपघातात अंत झाला असे नायिकेला वाटते, आणि दहा वर्षांनी त्याच चेहऱ्याचा माणूस तिच्यासमोर उभा राहतो, अशी ही कथा. ती कोरियन घरांसाठी बनवली होती. तिच्यात देशाची ओळख करून देणारे संवाद नाहीत, इतिहास नाही, सरकार नाही. बर्फ आहे, झाडांच्या रांगा आहेत आणि गळ्याभोवती नीट गुंडाळलेल्या मफलरमधला एक हळवा पुरुष आहे.

जपानच्या एनएचके वाहिनीने एप्रिल 2003 मध्ये ती आधी उपग्रह वाहिनीवर दाखवली. प्रेक्षकांच्या मागणीमुळे डिसेंबरमध्ये पुन्हा दाखवली, आणि एप्रिल 2004 पासून मुख्य वाहिनीवर, शनिवारी रात्री 11 च्या सुमारास. एवढ्या उशिराची वेळ असूनही शेवटच्या भागाला तोक्यो परिसरात 20 टक्क्यांहून अधिक रेटिंग मिळाले. मालिकेचा नायक बे याँग-जून याला जपानी प्रेक्षक आदराने ‘योन-सामा’ म्हणू लागले. ‘सामा’ हे ‘सान’हूनही वरच्या दर्जाचे आदरार्थी पद आहे. ज्या समाजात कोरियन वंशाच्या रहिवाशांना कित्येक पिढ्या दुय्यम वागणूक मिळत आली, तिथे एका कोरियन पुरुषाच्या नावापुढे हे पद लागावे, ही गोष्ट कोणत्याही रेटिंगपेक्षा जास्त बोलकी आहे.

एक बारीक तपशील संवादशास्त्राच्या विद्यार्थ्याने हातातून निसटू देऊ नये. ही मालिका जपानी भाषेत डब करून आणि काटछाट करून दाखवली होती. नायकाचा खरा आवाज ऐकायचा आहे, ही मागणी प्रेक्षकांतून आली आणि डिसेंबर 2004 मध्ये एनएचकेने मूळ कोरियन आवाजात, जपानी उपशीर्षकांसह, अखंड मालिका दाखवली. डब केलेल्या मालिकेत परका देश अर्धा झाकलेला राहतो. प्रेक्षक स्वतःहून ते झाकण काढा म्हणतो, तेव्हा आवड कथेकडून देशाकडे सरकली असे म्हणता येते. पुढे कोरियन भाषेच्या वर्गांत दिसू लागलेली मध्यमवयीन स्त्रियांची गर्दी हे त्याच सरकण्याचे पुढचे पाऊल होते. यातले काहीही केबीएसने योजलेले नव्हते.

परिणाम मोजताना होणारी चूक

अशा मालिकेचा परिणाम दाखवायला बहुतेकदा पर्यटकांचे आकडे पुढे केले जातात. 2003 मध्ये सुमारे 18 लाख जपानी पर्यटक दक्षिण कोरियात गेले आणि 2004 मध्ये सुमारे 24 लाख 40 हजार. वाढ जवळपास 36 टक्के. हा आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पोकळ आहे. 2003 हे सार्सच्या साथीचे वर्ष होते आणि पूर्व आशियातला सगळाच प्रवास आटला होता. एक वर्ष मागे जाऊन पाहिले, तर 2002 मध्ये सुमारे 23 लाख 20 हजार जपानी पर्यटक गेलेले दिसतात. त्या पायावर मोजले की 2004 ची वाढ पाच टक्क्यांच्या आसपास येते. पडलेल्या वर्षाशी तुलना केली की कोणतीही मालिका जादूगार ठरते.

मग परिणाम नव्हताच का? होता, पण एकूण संख्येत शोधायला गेले तर तो हाती लागत नाही. कोण गेले आणि कुठे गेले, हे पाहावे लागते. पूर्वी कोरियाला जाणाऱ्या जपानी पर्यटकांत पुरुषांचा भरणा मोठा असे; आता स्त्रियांचे गट येऊ लागले. आणि ते सोलच्या दुकानांपुरते न थांबता छुनछन शहराजवळच्या नामी बेटावर, मालिकेत दिसलेल्या त्या उंच झाडांच्या रस्त्यावर फोटो काढायला जाऊ लागले. तिथे नायक-नायिकेचा ब्राँझचा पुतळाही उभा आहे. मालिकेत न दिसलेल्या पण तितक्याच सुंदर ठिकाणी अशी गर्दी झाली नसेल, तर फरकाचे श्रेय मालिकेला देता येते. ही तुलना खर्चिक नाही, तरी प्रसिद्धीपत्रकांत ती क्वचितच सापडते.

ओढ कुठवर पुरते

जपानचे मंत्रिमंडळ कार्यालय दरवर्षी लोकांना विचारते की अमुक देशाविषयी तुम्हाला आपुलकी वाटते का. दक्षिण कोरियाविषयी ‘वाटते’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण 2004 मध्ये 56.7 टक्के होते. मार्च 2005 मध्ये जपानच्या शिमाने प्रांताने ‘ताकेशिमा दिन’ ठरवला आणि दोन्ही देश ज्यावर हक्क सांगतात त्या बेटांचा वाद पेटला. त्या वर्षी हे प्रमाण 51.1 टक्क्यांवर आले. पुढे ते सावरले आणि 2011 मध्ये 62.2 पर्यंत गेले. ऑगस्ट 2012 मध्ये दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक स्वतः त्या बेटांवर गेले आणि त्याच वर्षीच्या पाहणीत आकडा 39.2 वर कोसळला.

एका वर्षात 23 अंशांची ही घसरण मालिका वाईट झाल्याने आली नाही. पाहणीतला प्रश्न ‘देशा’विषयी असतो, आणि ताज्या बातमीने देश या शब्दाचा अर्थ बदलला की उत्तरही बदलते. तिसऱ्या झऱ्यात, म्हणजे परराष्ट्र धोरणात, गढूळ पाणी आले की पहिल्या झऱ्याने ते निवळत नाही, हे नाय यांच्या मांडणीत आहेच. इथे ते आकड्यांत दिसते.

याच ली म्युंग-बाक यांनी 2009 मध्ये राष्ट्र-ब्रँडिंगसाठी अध्यक्षीय परिषद नेमली होती. देशांच्या प्रतिमेची क्रमवारी लावणाऱ्या अँहोल्ट यांच्या निर्देशांकात 2008 मध्ये 33 व्या जागी असलेला देश 2013 पर्यंत 15 व्या जागी न्यायचा, असे उद्दिष्ट होते. सरकार बदलल्यावर 2013 मध्ये ही परिषद बंद झाली. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे : एका हाताने प्रतिमेसाठी परिषद चालवणाऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या एका भेटीने शेजारच्या देशातली आपुलकी तिच्यावर झालेल्या कोणत्याही खर्चापेक्षा जास्त हलवली. खुद्द अँहोल्ट यांनीही पुढे हेच ठासून सांगितले की देशाचे नाव जाहिरातीने नव्हे, देश काय करतो त्यावरून बदलते.

दुसरी मर्यादा चीनमध्ये दिसली. ‘हाल्यू’, म्हणजे कोरियन लाट, हा शब्दच मुळात चिनी वृत्तपत्रांतून रूढ झालेला. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची थाड ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर चिनी पडद्यांवरून कोरियन मालिका आणि कलाकार कोणत्याही जाहीर आदेशाविना मागे पडत गेले, आणि मार्च 2017 पासून पर्यटकांच्या सहलीही थांबल्या. चिनी पर्यटक 2016 मध्ये सुमारे 80 लाख होते, 2017 मध्ये सुमारे 42 लाख उरले. प्रेक्षकांची आवड एका रात्रीत मेली नव्हती, पण नळ दुसऱ्याच्या हातात होता. परदेशी पडद्यावर उभी राहिलेली सॉफ्ट पॉवर नेहमीच अशी उसन्या जागेत राहते.

जपानमध्ये मात्र या कथेला अजून एक पदर आहे, आणि तो सरासरीत दिसत नाही. 2019 मध्ये व्यापार आणि युद्धकालीन वेठबिगारीच्या भरपाईवरून दोन्ही सरकारे भांडत होती आणि एकूण आपुलकी 26.7 टक्क्यांवर आली होती. त्याच पाहणीत तिशीच्या आतल्यांमध्ये हे प्रमाण बरेच जास्त होते, तर सत्तरीपुढच्यांमध्ये सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ ही कोरियन मालिका जपानमध्ये घरोघरी पाहिली गेली. ‘योन-सामा’च्या वेळी वीस भाग संपायला आठवड्यांमागून आठवडे जात, हिचे सोळा भाग नेटफ्लिक्सवर सलग बघता येत होते, मूळ आवाजात, उपशीर्षकांसह, आणि त्यासाठी कुणाला एनएचकेकडे मागणी करावी लागली नाही.